चिंताग्रस्त देहासाठी दोन विश्रामस्थिती : बालासन आणि भिंतीच्या आधाराची विपरीतकरणी

छातीत धडधडते, पोटात गोळा येतो, तळहात गार पडतात, अंथरुणाला पाठ टेकली की विचारांचे चक्र सुरू होते आणि झोप दूर पळते. तपासण्या मात्र साऱ्या निर्दोष येतात. असा रुग्ण आपल्यापैकी प्रत्येकाच्या परिचयाचा आहे. आपण त्याला ब्राह्मी, जटामांसी, अश्वगंधा यांपैकी एखादा कल्प देतो, रात्री पादाभ्यंग सांगतो आणि तो उठता उठता म्हणतो, ‘जोडीला थोडी योगासनेही करा.’ औषधाची मात्रा, काल आणि अनुपान सांगितल्याशिवाय चिठ्ठी पुरी झाली असे कोणताही वैद्य मानीत नाही. आसनाच्या बाबतीत मात्र हे तीनही प्रश्न आपण रुग्णावर सोडून देतो. तो कोठेतरी चित्र पाहून प्रयोग करतो, आठवड्याने परत येतो आणि ‘योग मला मानवत नाही’ असे सांगतो. बहुधा न मानवलेली गोष्ट योग नसतेच. लोडाची उंची, गुडघ्यांतील अंतर किंवा जेवणानंतरची वेळ चुकलेली असते.

प्रस्तुत लेखात फक्त दोन स्थितींचा विचार केला आहे. पहिली, पुढे वाकून कपाळ टेकण्याची, जिला आज बालासन म्हणतात. दुसरी, पाठीवर निजून पाय भिंतीला उभे लावण्याची, जिला विपरीतकरणी म्हणतात. निदानपंचकात उपशयाचा विचार करताना औषध आणि अन्न यांच्या बरोबरीने विहारही घेतलेला आहे, हे येथे स्मरणात ठेवावे. त्या अर्थाने ही आसने चिकित्सा आहेत तशीच परीक्षाही आहेत. कोणत्या स्थितीत रुग्णास सुख वाटते आणि कोणत्या स्थितीत त्याचा श्वास अडतो, यावरून त्याच्या चिंतेने देहात कोठे ठाण मांडले आहे ते कळते, आणि पुढील योजना त्यावर ठरते.

प्रथम नावांविषयी. हठयोगप्रदीपिका आणि घेरंडसंहिता या दोन्ही ग्रंथांत विपरीतकरणी आहे, परंतु ती आसनांत नसून मुद्रांत आहे. तेथे मस्तक खाली आणि पाय वर करून देहच उलटा करावयाचा आहे आणि हेतूही निराळा, योगसाधनेचा आहे. पहिल्या दिवशी क्षणभर करून रोज थोडी वाढवावी, एक प्रहरापर्यंत न्यावी, आणि तिने जठराग्नी वाढत असल्याने साधकाने भरपूर आहार ठेवावा, असे हठयोगप्रदीपिकेत सांगितले आहे. भिंत, लोड आणि घोंगडीची घडी यांच्या साहाय्याने केली जाणारी आजची विश्रामस्थिती विसाव्या शतकातील आहे, पुण्याचे बी. के. एस. अय्यंगार (१९१८–२०१४) यांच्या परंपरेने आधारसाधनांचा हा मार्ग जगभर नेला. बालासन तर वरील दोन्ही ग्रंथांत नाही. बिहारच्या योगपरंपरेत त्याच्या जवळची स्थिती शशांकासन या नावाने, तर अय्यंगार परंपरेत गुडघे फाकवून केलेली स्थिती अधोमुख वीरासन या नावाने शिकविली जाते. हा इतिहास सांगण्याचे कारण व्यावहारिक आहे. मुद्रेचे फल आणि मुद्रेची कालमर्यादा या साध्या विश्रामस्थितीला लावू नयेत. रुग्णाला एक प्रहर पाय वर ठेवावयास सांगणे निरर्थक होय, आणि ‘अमृताचे रक्षण होते’ असे सांगून दिलेले आसन पहिल्याच आठवड्यात रुग्णाचा विश्वास गमावते.

मग या स्थितींत घडते तरी काय? पाय उंचावले की पायांच्या सिरांमध्ये साठलेले रक्त हृदयाकडे परत येऊ लागते. अतिदक्षता विभागात हीच युक्ती परीक्षेसाठी वापरतात. पाय उचलल्याने साधारण ३०० मिलिलिटर रक्त मध्यभागी येते असे मानले जाते. मानेतील व हृदयाजवळील मोठ्या धमन्यांत दाब जाणणारी केंद्रे असतात. हृदयातून प्रत्येक ठोक्यास अधिक रक्त बाहेर पडू लागले की ही केंद्रे ते ओळखतात आणि मेंदूमार्फत नाडीची गती किंचित उतरवितात. परंतु हा परिणाम पहिल्या एक-दोन मिनिटांतच ओसरू लागतो. म्हणून दहाव्या मिनिटाला रुग्णास जे स्वास्थ्य वाटते त्याचे सारे श्रेय उंचावलेल्या पायांना देता येत नाही. त्यात स्थिर निजण्याचा, डोळे झाकण्याचा, उबेचा आणि मुख्यतः लांबलेल्या उच्छ्वासाचा वाटा मोठा आहे. श्वास घेताना नाडी थोडी वेगवान होते आणि सोडताना मंदावते, हे कोणीही मनगटावर बोट ठेवून अनुभवावे. उच्छ्वास लांबवला की मंदावण्याचा काळ वाढतो. दोन्ही स्थितींचे मर्म येथे आहे : श्वास सोडण्यास सोपे व्हावे अशी देहाची मांडणी करणे.

आपल्या परिभाषेत पाहता चरकाचार्यांनी रसवह स्रोतसांच्या दुष्टीच्या कारणांत अतिचिंतनाची गणना केली आहे आणि या स्रोतसांचे मूळ हृदय सांगितले आहे. वायूला मनाचा नियंता व प्रेरक म्हटले आहे. तेव्हा चिंतेची लक्षणे हृदयाच्या ठिकाणी आणि श्वासात दिसावीत यात नवल नाही. अपानाची गती बिघडून आध्मान व मलावष्टंभ जोडीला येणेही नित्याचे आहे. मात्र ‘पाय वर केले म्हणून अपान वर चढला आणि प्राणाशी जुळला’ अशी सरळ जुळवाजुळव करण्याचा मोह टाळावा. शास्त्रकारांनी असे म्हटलेले नाही आणि रुग्णालाही त्याची गरज नाही.

आता बालासनाकडे वळू. चित्रात दिसणारे बालासन, म्हणजे गुडघे जुळलेले, नितंब टाचांवर, कपाळ जमिनीवर आणि हात मागे, हे लवचिक देहाचे आसन आहे. चाळिशीतील, थोडे पोट सुटलेल्या, खुर्चीवर आठ तास बसणाऱ्या माणसाने ते केले की मांड्या पोटावर दाबल्या जातात. श्वासपटलाला खाली उतरण्यास जागा उरत नाही, श्वास छातीच्या वरच्या भागात चढतो आणि गुदमरल्यासारखे होते. निरोगी माणूस अशा वेळी नुसता उठून बसतो. चिंताग्रस्ताला मात्र ती गुदमर संकटाची सूचना वाटते आणि धडधड वाढते. शांत करण्यासाठी दिलेले आसन भीतीचा झटका आणू शकते ते असे.

म्हणून पुढीलप्रमाणे मांडणी करावी. सतरंजीवर गोधडीची घडी घालून रुग्णाने वज्रासनाप्रमाणे बसावे. पायांचे अंगठे जवळ, गुडघे मात्र खांद्यांहून थोडे अधिक फाकलेले असावेत. दोन मांड्यांच्या मध्ये एक लोड लांबीच्या दिशेने ठेवावा. लोड नसेल तर दोन घट्ट उशा एकीवर एक चालतात. रुग्णाने त्यावर पोट, छाती आणि एक गाल अशा क्रमाने भार सोडावा. नितंब टाचांपर्यंत पोचत नसतील तर मधल्या पोकळीत घोंगडीची घडी भरावी, आणि घोट्याचा पुढचा भाग दुखत असेल तर त्याखाली पंचाची सुरळी द्यावी. कोपरे जमिनीवर, हात लोडाला सैलपणे वेढलेले. पुढे ताणलेले नकोत. लोड किती उंच असावा याची खूण सोपी आहे : खाली जाताना रुग्णास शेवटी धरून ठेवावे लागले तर लोड कमी उंच आहे. पहिल्या दिवशी आठ ते दहा श्वास पुरेत. मध्यावर गाल बदलावा. पुढे दोन-तीन मिनिटांपर्यंत न्यावे, त्याहून अधिक काळाने गुडघे अवघडतात आणि लाभ वाढत नाही.

आसन लागू पडत आहे हे पाहण्यासाठी रुग्णाच्या पाठीकडे पाहावे. खालच्या फासळ्या मागच्या बाजूने श्वासाबरोबर रुंदावत असतील, खांदे कानांपासून दूर सरकत असतील आणि एखादा सुस्कारा आपोआप निघाला असेल तर स्थिती योग्य आहे. याउलट बोटांनी चादर घट्ट धरली आहे, पाठ हलत नाही, श्वास दहाव्या आवर्तनातही पहिल्याइतकाच उथळ आहे, तर हट्ट न करता उठवावे. काही रुग्णांना पालथे होऊन डोळे झाकणेच असह्य होते. खोलीचे दार पाठीमागे असले तर अधिकच. पूर्वी आघात सोसलेल्या व्यक्तींत हे विशेषत्वाने आढळते, आणि त्याची कारणे पहिल्या भेटीत विचारू नयेत. अशा वेळी रुग्णाने खुर्चीवर बसावे, समोरच्या मेजावर दोन्ही हात दुमडून ठेवावेत आणि त्यांवर कपाळ टेकावे. डोळे उघडे असले तरी चालतील. गुडघ्यांचा संधिवात असलेल्या वृद्धांना आणि गर्भिणींनाही हाच प्रकार द्यावा. शाळेत बाकावर डोके ठेवून पडणारी मुले हे बालासन कोणी न शिकवता करीत असतात.

भिंतीच्या आधाराची विपरीतकरणी सोपी दिसते आणि म्हणूनच निष्काळजीपणे केली जाते. भिंतीला एक कूस लावून बसावे, कुशीवर निजावे आणि तेथून पाठीवर वळत पाय भिंतीवर सरकवावेत. नितंब भिंतीला चिकटलेच पाहिजेत हा गैरसमज आहे. मांड्यांच्या मागच्या शिरा ताठ असलेल्या माणसाचे नितंब तसे केल्यास जमिनीवरून उचलले जातात, कंबर ताणली जाते आणि विश्रांतीऐवजी ओढ निर्माण होते. अशांनी भिंतीपासून एक वीत किंवा त्याहून थोडे अधिक दूर राहावे. गुडघे किंचित वाकलेले चालतील. माकडहाडाच्या वरच्या सपाट भागाखाली चार बोटे उंचीची घोंगडीची घडी देता येते, पण ती कंबरेच्या पोकळीत नसावी, आणि पहिल्या आठवड्यात तिची गरजही नाही. डोक्याखाली पातळ घडी ठेवावी म्हणजे हनुवटी कपाळाहून किंचित खाली राहते. हनुवटी वर उचललेली असेल तर मानेतील ताण जात नाही आणि डोळ्यांची चाळवाचाळव थांबत नाही.

वातप्रधान रुग्णाच्या बाबतीत एक गोष्ट हमखास विसरली जाते. पाय उंचावल्यावर ते गार पडतात, आणि गार पडलेल्या पायांनी कोणालाही झोप येत नाही. म्हणून मोजे घालावेत आणि अंगावर चादर घ्यावी. पादाभ्यंग आधी केला असेल तर तेल पुसून मोजे चढवावेत. तेलकट टाचा भिंतीवरून घसरतात, शिवाय भिंतीवर डाग पडले की घरातील मंडळी दुसऱ्या दिवसापासून हा उपक्रम बंद पाडतात. तीन ते पाच मिनिटांपासून आरंभ करून दहा-बारा मिनिटांपर्यंत जावे. पायांना मुंग्या येऊ लागल्या की गुडघे वाकवून तळवे भिंतीला टेकावेत. तेवढ्याने न थांबल्यास उतरावे. उतरताना थेट उठून बसू नये. गुडघे छातीकडे घेऊन कुशीवर वळावे, मिनिटभर तसेच राहावे आणि मग हाताच्या आधाराने उठावे. पाय खाली येताच रक्त पुन्हा पायांकडे जाते आणि घाईने उठणाऱ्याला भोवळ येते. रक्तदाबाची गोळी चालू असलेल्या रुग्णाला तर नक्कीच सांगून ठेवावे.

ज्यांना भिंतीपाशी अशी कसरत जमत नाही, त्यांच्यासाठी खुर्चीचा प्रकार आहे. पाठीवर निजून पोटऱ्या खुर्चीच्या बैठकीवर ठेवाव्यात, मांड्या साधारण उभ्या, गुडघे काटकोनात. कंबर जमिनीला आपोआप टेकते आणि पोट सैल पडते. माझ्या मते चिंताग्रस्त रुग्णाला पहिल्या आठवड्यात खुर्चीच द्यावी, भिंत नंतर.

श्वासाविषयी एक सूचना दोन्ही स्थितींना लागू आहे. ‘दीर्घ श्वास घ्या’ हे शब्द टाळावेत. ते ऐकताच चिंताग्रस्त माणूस मोठमोठे श्वास ओढू लागतो, शरीरातील कार्बन डायऑक्साइड वाजवीपेक्षा अधिक बाहेर जातो आणि ओठांभोवती व बोटांत मुंग्या येऊन डोके हलके होते. रुग्ण घाबरतो आणि आणखी वेगाने श्वास घेतो. त्याऐवजी ‘सावकाश सोडा, आत आपोआप येऊ द्या’ असे सांगावे. मोजावयाचेच असेल तर चार मात्रा आत आणि सहा मात्रा बाहेर, कुंभकाशिवाय. मात्रा सेकंदाएवढी धरली तर मिनिटाला सहा श्वास होतात, पण एवढे मंद होण्याची घाई नको. मोजण्यानेच काहींना ताण येतो. त्यांनी श्वास सोडताना ओठ मिटून मंद गुणगुणावे; उच्छ्वास आपसूक लांबतो.

एक प्रातिनिधिक उदाहरण घेऊन ही योजना पाहू. अडतीस वर्षांची स्त्री, तालुक्याच्या गावी एका पेढीत हिशेब लिहिण्याचे काम. चार महिन्यांपासून सायंकाळी छातीत फडफड, हातपाय गार, पोट फुगणे, तीन दिवसांआड मलप्रवृत्ती, आणि निजल्यापासून झोप लागेपर्यंत दीड-दोन तास. भूक मध्यम, वजन स्थिर. नाडी बसलेल्या स्थितीत मिनिटास ९४, रक्तदाब १२८/८२. येथे सर्वांत आधी करावयाचे काम म्हणजे ही चिंताच आहे याची खातरी करणे. थायरॉइडच्या अतिकार्यात तळहात ओले असतात पण उष्ण असतात, भूक चांगली असून वजन उतरते, पसरलेल्या बोटांना बारीक कंप असतो आणि झोपेतही नाडी वेगवानच राहते. चिंतेत हात ओले पण गार असतात आणि झोपेत नाडी उतरते. घरच्या माणसाला पहाटे झोपेतील नाडी मोजावयास सांगितले; ती ६८ भरली. टीएसएच, हिमोग्लोबिन आणि हृदयाचा आलेख पाहिला, तिन्ही समाधानकारक. चहा दिवसाला पाच वेळा, त्यांतील शेवटचा सायंकाळी सातला. एवढी माहिती आसनाआधी हवी.

रुग्णेने बालासन पूर्वीच करून पाहिले होते. ‘जीव घाबरला, पुन्हा नको’ हा तिचा अभिप्राय. पेढीतील तपासणीच्या पलंगाशेजारी सतरंजी टाकून स्त्री-सहायिकेच्या उपस्थितीत तिला तिच्या पद्धतीने आसन लावण्यास सांगितले. गुडघे जुळलेले, नितंब टाचांपासून चार बोटे वर, त्यामुळे सारा भार कपाळावर आणि मानेवर. फुगलेल्या पोटावर मांड्यांचा दाब. चौथ्या श्वासाला तिने मान वर केली. गुडघे फाकवून, दोन उशा व टाचांवर घडी देऊन पुन्हा लावल्यावर ती दहा श्वास राहू शकली, परंतु पाठ फारशी हलली नाही. खुर्चीवर पोटऱ्या ठेवून निजविल्यावर मात्र तिसऱ्या मिनिटाला पोट श्वासाबरोबर उठू लागले आणि पाचव्या मिनिटाला नाडी ८४ झाली. उपशय मिळाला तो खुर्चीत, म्हणून आरंभ तेथून केला.

योजना अशी होती. शेवटचा चहा दुपारी चारला. रात्रीचे जेवण साडेसातला, आणि त्यानंतर तीन तासांच्या आसपास, झोपण्यापूर्वी, खुर्चीची स्थिती आठ मिनिटे. त्याआधी नाडी पूर्ण एक मिनिट मोजून वहीत लिहावयाची, नंतर पुन्हा. अनुलोमनासाठी रात्री सौम्य औषध वेगळे दिले. पहिल्या आठवड्यातील वहीत नाडी बहुतेक रात्री सहा ते दहाने उतरलेली दिसली, पण झोपेत फरक नव्हता. दुसऱ्या आठवड्यात भिंतीची स्थिती दिली असता तिने आठव्या मिनिटाला मुंग्या आल्याचे सांगितले. नितंब भिंतीला चिकटविले होते. वीतभर दूर सरकल्यावर तक्रार गेली. तिसऱ्या आठवड्यात एक रात्र अशी आली की पाय भिंतीला लावून पडल्यावर धडधड वाढली. विचारता कळले की त्या दिवशी जेवण उशिरा, साडेनऊला झाले होते आणि घशाशी आंबट आले होते. तिला हे हृदयाचे वाटले. अशा रात्री भिंत वगळून मेजावर कपाळ टेकण्याचा प्रकार करावा असे ठरविले. चौथ्या आठवड्यापासून पोट हलके झाल्यावर बालासनही दोन मिनिटे साधू लागले, तेही तिच्या स्वतःच्या इच्छेने.

सहा आठवड्यांनी सायंकाळची नाडी ८० ते ८४ च्या दरम्यान आली आणि बहुतेक रात्री अर्ध्या-पाऊण तासात झोप लागू लागली. सायंकाळची फडफड आठवड्यातून दोनदा उरली. एक गोष्ट मात्र बदलली नाही. महिनाअखेरीस हिशेब जुळेल की नाही, मुलाचे पुढे कसे होईल, हे दिवसभराचे विचार जसेच्या तसे होते. रात्री देह शांत होत होता, दिवसा मन नाही. येथे आसनाची मर्यादा स्पष्ट होते, आणि रुग्णेला मानसोपचारतज्ज्ञांकडे समुपदेशनासाठी पाठविणे उचित ठरते. चरकाचार्यांनी सत्त्वावजयाला स्वतंत्र चिकित्साप्रकार मानले आहे, ते उगाच नव्हे.

ही मर्यादा एका अभ्यासातही दिसते. अमेरिकेत चिंताविकार असलेल्या २२६ प्रौढांवर बारा आठवड्यांचा एक अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात कुंडलिनी योगाच्या गटातील सुमारे ५४ टक्के, विचार व वर्तन बदलणाऱ्या मानसोपचाराच्या गटातील सुमारे ७१ टक्के आणि केवळ ताणाविषयी शिक्षण दिलेल्या गटातील ३३ टक्के लोकांत सुधारणा आढळली. सहा महिन्यांनी पाहता मानसोपचाराचा लाभ शिक्षणाच्या तुलनेत टिकून होता, योगाचा फरक निर्णायक उरला नव्हता. त्या योगात श्वसन, ध्यान, आसने सारेच होते, केवळ आपली दोन आसने नव्हती. तरीही आसन देताना रुग्णाला आणि स्वतःला किती आश्वासन द्यावे याचा अंदाज त्यावरून येतो.

कोणाला भिंतीची स्थिती देऊ नये हेही सांगितले पाहिजे. हृदयाची कार्यक्षमता कमी होऊन ज्यांना उताणे निजल्यावर धाप लागते, त्यांच्या हृदयाकडे आणखी रक्त वळविणे धोक्याचे आहे. ‘रात्री दोन उशा लागतात का?’ हा एकच प्रश्न येथे पुष्कळ सांगून जातो. काचबिंदू किंवा दृष्टिपटलाचा विकार, ताब्यात नसलेला रक्तदाब, आणि पायातील सिरेत गुठळी असल्याची शंका, म्हणजे एकाच पोटरीला अलीकडे आलेली सूज व दुखणे, यांत ती वर्ज्य समजावी. पायांच्या धमन्या अरुंद झालेल्या मधुमेही किंवा धूम्रपानी रुग्णाचे पाय उंचावताच पांढरे पडतात आणि दुखतात, त्यालाही नको. आम्लपित्ताच्या रुग्णास जेवणाचे अंतर काटेकोर सांगावे. गर्भिणीने पाचव्या महिन्यानंतर फार काळ उताणे न निजता डाव्या कुशीवर विसावावे.

औषधी दुकान चालविणाऱ्या बंधू-भगिनींचा येथे विशेष संबंध येतो, कारण चिंताग्रस्त माणूस वैद्याकडे येण्याआधी पुष्कळदा त्यांच्याकडे येतो. ‘झोपेसाठी काही आयुर्वेदिक द्या’ म्हणून दर पंधरवड्याला अश्वगंधेची बाटली नेणारा ग्राहक दिसला तर त्याला वजन उतरले आहे का, हात कापतात का, थायरॉइडची गोळी चालू आहे का, एवढे विचारावे. अश्वगंधेने थायरॉइडचे स्राव वाढू शकतात आणि क्वचित यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. धडधडणाऱ्या थायरॉइड-रुग्णाला ती देणे म्हणजे विस्तवाला वारा घालणे होय. छातीत दुखून घाम सुटतो, दुखणे हाताकडे किंवा जबड्याकडे जाते, भोवळ येऊन शुद्ध हरपली होती, असे कोणी सांगितले तर ना बाटली ना आसन, त्याला थेट रुग्णालयाची वाट दाखवावी. ‘जगण्यात अर्थ वाटत नाही’ असे शब्द आले तर त्यास एकटे परत न पाठविता घरच्या माणसाला बोलावून घ्यावे.

शक्य असल्यास वैद्याने अर्ध्या पानाची छापील चिठ्ठी दुकानात ठेवावी. तिच्यावर खुर्चीच्या स्थितीचे एक रेखाचित्र, जेवणानंतर तीन तास हे अंतर, आठ मिनिटे हा काळ, कुशीवर वळून उठण्याची सूचना आणि वरील निषेध ठळक अक्षरांत असावेत. बालासनाचे चित्र त्यावर देऊ नये. ते आसन एकदा तरी कोणाच्या नजरेखाली लागले पाहिजे.